आठ पुस्तकं आणि एक पान

मागच्या पावसाळ्यात दर शनिवारी सकाळी मी आमच्या घराजवळच्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत वाचनाचा तास घ्यायला जायचे. चौथीचा वर्ग, छत्तीस मुलं, एक लोखंडी कपाट आणि त्यात दोनशेच्या आसपास गोष्टीची पुस्तकं. पगार नाही, परीक्षा नाही, त्यामुळे मला वाटायचं की इथे चुकण्यासारखं काही नाही.

एका शनिवारी मी एका मुलाला म्हटलं, "जरा पुस्तकं वाटतोस का?" तो आनंदाने उठला, दोन्ही हातांत गठ्ठा घेऊन वळला आणि त्याच्या कोपराचा धक्का टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीला लागला. आठ पुस्तकं भिजली. बाहेर पाऊस, आत ही ओली पुस्तकं, वर्गात हशा. माझा पारा चढला. मी त्याला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं केलं.

त्याच तासाला आणखी एक गोष्ट झाली. दुसऱ्या एका मुलाने एका पुस्तकातलं आगगाडीच्या इंजिनाचं रंगीत चित्र हळूच फाडून खिशात घातलं. शेजारच्याने चुगली केली, पान सापडलं. पण मी तेव्हा ओली पुस्तकं पुसत होते. "असं करू नये हं," एवढं म्हणून मी पान घेतलं आणि त्याला जागेवर बसवलं. एकच तर पान होतं.

तास संपल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "टीचर, त्याला का बाहेर काढलंत? त्याने मुद्दाम नाही केलं. आणि ह्याने मुद्दाम केलं." मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. घरी येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना.

माझी ताई बी.एड. करत होती. रात्री जेवताना मी तिला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, तू तर पियाजेची गोष्ट जशीच्या तशी करून आलीस. आणि उत्तर दिलंस ते सात वर्षांच्या मुलाचं." तिने तिचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. मी साहित्याची विद्यार्थिनी, मानसशास्त्राशी माझा संबंध कादंबरीतल्या पात्रांपुरता. पण हे प्रकरण मी कादंबरीसारखंच वाचून काढलं.

ज्याँ पियाजे हा स्वित्झर्लंडचा मानसशास्त्रज्ञ. मुलांच्या नैतिक विचारांवरचं त्याचं पुस्तक १९३२ सालचं. त्याची पद्धत मला फार आवडली, कारण ती प्रयोगशाळेतली नव्हती. तो जिनेव्हा आणि न्यूशातेलच्या मुलांसमोर गोट्या घेऊन बसायचा आणि म्हणायचा, मला खेळ येत नाही, नियम शिकवा. मग हळूच विचारायचा, हे नियम बदलता येतील का? पहिल्यांदा कोणी केले? लहान मुलं सांगायची की नियम बदलता येत नाहीत, ते वडिलांनी केले, देवाने केले, गावच्या मोठ्या लोकांनी केले. गंमत म्हणजे नियम असे अढळ मानणारी हीच मुलं प्रत्यक्ष खेळताना आपापल्या मनाने खेळत, आणि सगळेच जिंकत. दहा-अकराच्या पुढची मुलं मात्र म्हणायची, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू की! आणि नियम पाळायचीही तीच. म्हणजे नियम वरून आलेला असतो तोवर मूल त्याला नमस्कार करतं. तो आपल्यात ठरलेला आहे हे कळलं की त्याला धरून चालायला लागतं.

ताई ज्या गोष्टीवरून हसली ती गोष्ट अशी. पियाजे मुलांना दोन प्रसंग सांगायचा. जॉन नावाच्या मुलाला जेवायला हाक येते. तो दार उघडतो. दारामागे खुर्ची, खुर्चीवर ट्रे, ट्रेमध्ये पंधरा कप. त्याला हे ठाऊक नव्हतं. दाराचा धक्का बसतो आणि पंधराच्या पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा हेन्री. आई बाहेर गेल्यावर तो कपाटातला जॅम चोरून खायला खुर्चीवर चढतो, हात पुरत नाही, त्या धडपडीत एक कप पडून फुटतो. आता सांगा, जास्त वाईट कोण?

लहान मुलं म्हणायची, जॉन, कारण पंधरा फुटले. मोठी मुलं म्हणायची, हेन्री, कारण तो चोरी करत होता. नुकसानीवरून दोष मोजणाऱ्या उत्तरांचं सरासरी वय सात आणि हेतूवरून मोजणाऱ्यांचं नऊ आलं. दहाच्या पुढे पहिल्या प्रकारचं उत्तर जवळजवळ मिळालंच नाही. माझ्या चौथीच्या वर्गातली ती मुलगी नऊ वर्षांची होती. ती तिच्या वयाला शोभेल असंच बोलली होती. एकवीस वर्षांच्या टीचरने मात्र आठ पुस्तकं आणि एक पान यांची वजाबाकी केली होती.

मला इथे माझं पहिलं कन्फेशन आठवलं. आठ वर्षांची होते. पापांची यादी मनात पाठ करून गेले होते आणि यादीत पहिल्या नंबरावर होती गोडेतेलाची बाटली, जी माझ्या हातून निसटून फुटली होती. फादरनी विचारलं, "मुद्दाम फोडलीस का?" मी म्हटलं, "नाही, पण पूर्ण भरलेली होती." लहान भावाला घेतलेले चिमटे यादीत नव्हतेच, कारण त्यांत काही सांडलं नव्हतं.

पण पियाजेचं जे म्हणणं मला सर्वांत टोचलं ते वयाबद्दलचं नाही. तो विचारतो, मुलं नुकसान मोजायला शिकतात कुठून? आणि त्याचं उत्तर असं की बऱ्याच अंशी मोठ्यांकडून. एक कप फुटला तर आई थोडं ओरडते, पंधरा फुटले तर घर डोक्यावर घेते. मूल काय शिकणार? त्याच्या मते मूल पुढच्या विचाराकडे जातं ते मोठ्यांच्या दट्ट्याने नाही, बरोबरीच्या मुलांशी भांडून, जुळवून घेऊन, ठरवून. म्हणजे मी त्या मुलाला दाराबाहेर उभं केलं तेव्हा मी एकट्याला शिक्षा करत नव्हते, छत्तीस मुलांना सात वर्षांच्या पायरीवर परत ढकलत होते.

पियाजेलाही तपासून घेतलं पाहिजे, हे ताईनेच सांगितलं. त्याच्या गोष्टींत नुकसान डोळ्यांसमोर दिसतं, हेतू मात्र शब्दांत लपलेला असतो, आणि लहान मूल दिसेल ते आधी धरतं. १९८० साली शॅरन नेल्सन या संशोधिकेने चेंडू फेकणाऱ्या मुलाच्या छोट्या गोष्टी रचल्या: एकदा तो मित्राशी खेळायला म्हणून फेकतो, एकदा रागाने मारायला फेकतो. हेतू चित्रातही स्पष्ट दाखवल्यावर तीन वर्षांची मुलंसुद्धा तो लक्षात घेऊन निवाडा करताना दिसली. म्हणजे लहानांना हेतू कळतच नाही असं नाही. त्यांच्यापुढे तो मांडावा लागतो. पहिली-दुसरीच्या वर्गात एवढी एक सवय पुरते: ओरडण्याआधी मोठ्याने विचारायचं, "तू तेव्हा काय करत होतास?" सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं, कारण ते उत्तर बाकीच्यांनाही हवं असतं.

आता दुसरं नाव, लॉरेन्स कोहलबर्ग. त्याने १९५८ साली शिकागो विद्यापीठात प्रबंध सादर केला. दहा, तेरा आणि सोळा वर्षांची बहात्तर मुलं, सगळे मुलगेच. त्यांना तो नैतिक पेच सांगायचा. प्रसिद्ध पेच हाइन्झचा: बायको मरणाला टेकलेली, औषधवाला दसपट किंमत मागतो, हाइन्झने औषध चोरावं का? कोहलबर्गला "हो" किंवा "नाही" यात रस नव्हता. त्याला "का" हवं होतं. त्या कारणांवरून त्याने सहा पायऱ्या लावल्या. वरच्या पायऱ्यांचं मला इथे काम नाही, प्राथमिक शाळेत पहिल्या तीन-चारच भेटतात. मुलगेच घेतल्याबद्दल पुढे कॅरल गिलिगनने १९८२ साली त्याला चांगलंच धारेवर धरलं, तेही वाचण्यासारखं आहे.

मी पुढच्या शनिवारी वर्गाला सहज विचारलं, "पुस्तकाचं पान का फाडायचं नाही?" उत्तरं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली. एक म्हणाला, "टीचर मारतील." ही पहिली पायरी: चूक म्हणजे ज्याला शिक्षा होते ते. (मी कधीच मारलेलं नाही, पण त्याच्या विचारात ते येतंच.) दुसरा म्हणाला, "मी फाडलं तर उद्या माझ्या आवडत्या पुस्तकाचं पण कोणीतरी फाडणार." ही दुसरी: देवाणघेवाण, तुझं तसं माझं. एक मुलगी म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल ना." ही तिसरी: आपल्या माणसांच्या नजरेत चांगलं राहणं. आणि माझी पहिल्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, "पुस्तक शाळेचं आहे. सगळ्यांनी फाडलं तर वाचनाचा तास कसला?" चौथीची पोरगी चौथ्या पायरीच्या उंबऱ्यावर!

हे करताना एक मोह होतो, तो मलाही झाला: मुलांच्या नावांपुढे आकडे लिहायचा. मी लिहिले आणि पुढच्याच आठवड्यात खोडले. कारण "टीचर मारतील" म्हणणाऱ्याच मुलाने मधल्या सुट्टीत डबा सांडलेल्या मुलाला स्वतःची अर्धी पोळी दिली, आणि तेव्हा त्याला कोणाच्याच माराची भीती नव्हती. पायरी विचाराची असते, मुलाची नसते. आणि चांगला विचार करणारा चांगलं वागेलच असंही नाही, हे तर आपण कॉलेजात रोज पाहतो. मग या पायऱ्यांचा शिक्षकाला उपयोग काय? मला एवढा कळला: ज्या कारणावर मूल उभं आहे, त्याच्या एक पायरी वरचं कारण त्याला समजतं आणि ओढून घेतं. दोन-तीन पायऱ्या वरचं डोक्यावरून जातं. शिक्षेच्या भीतीने गप्प बसलेल्या मुलाला "सार्वजनिक मालमत्ता" समजावण्यात अर्थ नाही. त्याला म्हणावं, "तुला हवं असलेलं पुस्तक फाटकं मिळालं तर?" एवढं त्याच्या हाताला लागतं.

आतापर्यंत मी नियम म्हणजे एकच गोष्ट असल्यासारखं लिहिलं. तिथेच शाळेत सगळ्यात मोठा घोळ होतो. इलियट ट्युरिएल हा कोहलबर्गच्याच परंपरेतला, पण त्याने एक साधा प्रश्न शोधला. मुलाला विचारायचं, "समजा, बाईंनीच सांगितलं की आज हे केलं तरी चालेल. मग चालेल का?" वर्गात चप्पल घालण्याबद्दल, गणवेशाबद्दल विचारलं तर मुलं म्हणतात, चालेल. दुसऱ्याला मारण्याबद्दल विचारलं तर अगदी लहान मुलंही म्हणतात, नाही, तरी चालणार नाही, त्याला लागेल. म्हणजे बालवाडीतल्या मुलालाही कळतं की काही नियम बाईंचे असतात आणि काहींवर बाईंचीही सत्ता चालत नाही. नियम वरून येतात असं लहानांना सरसकट वाटतं, हा पियाजेचा निष्कर्ष त्यामुळे जरा ढिला पडतो.

मी हा प्रश्न दुसरीच्या मुलांना विचारून पाहिला. चप्पल वाचनालयाच्या बाहेर काढायची, हा आमचा नियम. "मी म्हटलं आज घालून या, तर?" सगळे खूश, "चालेल!" मग म्हटलं, "मी म्हटलं आज पानं फाडा, तर?" थोडी शांतता. एक जण म्हणाला, "तुम्ही असं म्हणणार नाही." दुसरा म्हणाला, "मग नंतरच्याला गोष्ट अर्धीच मिळेल." बस! मला हवं ते वाक्य मिळालं.

शिक्षकासाठी याचा अर्थ रोजचा आहे. ट्युरिएलचा सहकारी लॅरी नुची याने वर्गातल्या प्रसंगांवर बरंच काम केलं. मुलं आपापसात भांडताना काय बोलतात ते त्याने ऐकलं: कोणी मारलं तर "मला लागलं", "तुला मारलं तर?" असं बोलतात, आणि शिस्तीचा नियम मोडला तर "असं करायचं नसतं" असं. पुढे त्याने मुलांनाच शिक्षकांच्या बोलण्याबद्दल विचारलं, तेव्हा प्रसंगाला जुळणारं बोलणारा शिक्षक त्यांना जास्त पटला. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. रिबीन न लावलेल्या मुलीला "तुला लाज नाही, आईबापांचं नाव घालवतेस" असं ऐकावं लागतं, आणि ज्याने दुसऱ्याचा हात पिरगळला त्याला "वर्गात दंगा करायचा नाही" म्हणतात. पहिल्या ठिकाणी रिबिनीचं पाप झालं. दुसऱ्या ठिकाणी ज्याचा हात दुखतो तो मुलगा वाक्यात कुठेच नाही. मीही त्या पान फाडणाऱ्याला "असं करू नये हं" म्हटलं होतं. करू नये, पण का? ज्याला पुढे ते पुस्तक मिळणार होतं तो माझ्या तोंडून आलाच नाही.

दोन कप्पे मात्र इतके स्वच्छ नसतात. मी त्याच मुलांना तिसरा प्रश्न विचारला. "पुस्तकाला पाय लागला तर चालेल? मी म्हटलं चालेल, तर?" एकजात सगळे "नाही!" कोणाला लागत नाही, पुस्तक फाटत नाही, तरी नाही. हिंदू, मुसलमान, माझ्यासारखी कॅथलिक, त्या वर्गात सगळी होती आणि सगळ्यांचं उत्तर एक. मलाही पाय लागला तर हात कपाळाकडे जातो, कोणी शिकवल्याचं आठवत नाही. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी १९८७ साली भुवनेश्वर आणि अमेरिका इथल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली, तिच्यात हेच दिसतं. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, ही भुवनेश्वरच्या मुलांना फार गंभीर चूक वाटली, नुसती रीत मोडणं नाही. म्हणून शिक्षकाने "हा तर नुसता रिवाज" असं स्वतःच ठरवू नये. तोच ट्युरिएलचा प्रश्न मुलांना विचारावा आणि उत्तर ऐकून घ्यावं.

आता त्या दोन मुलांकडे परत येते, कारण शेवटी करायचं काय होतं हा प्रश्न राहिलाच.

पियाजे शिक्षेचे दोन प्रकार सांगतो. एक प्रायश्चित्ताची: चुकीशी तिचा काही संबंध नसतो, ती फक्त दुखली पाहिजे. पाणी सांडलं म्हणून बाहेर उभं राहणं, पान फाडलं म्हणून शंभर वेळा वाक्य लिहिणं. दुसरी परतफेडीची: तुटलेलं जे आहे ते जोडायचं. यात भरपाई येते, बिघडवलेली वस्तू काही काळ न मिळणं येतं, आणि कधी कधी नुसतं समजावून सांगणंही येतं. लहान मुलं पहिली निवडतात आणि जितकी कडक तितकी न्याय्य मानतात. मोठी दुसरीकडे झुकतात. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पण छडी गेली तरी प्रायश्चित्ताची सवय जात नाही, ती दाराबाहेर उभी राहते. माझ्या बाबतीत तर अक्षरशः.

मी पुढच्या शनिवारी आधी एक कबुली दिली. बाटली माझी होती. झाकण मी नीट लावलं नव्हतं आणि पुस्तकं वाटायला मीच त्याला उठवलं होतं. हे वर्गासमोर बोलताना माझे कान तापले, पण बाहेरही तो वर्गासमोरच उभा होता. मग विचारलं, ओल्या पुस्तकांचं काय करायचं? ती मी घरी नेऊन दर पाच-सहा पानांनंतर जुन्या वर्तमानपत्राचा कागद घालून, पंख्याखाली उभी करून वाळवली होती. उन्हात ठेवली नाहीत, कारण उन्हात पानं वाकडी होतात. आता ती फुगली होती, दाबायची होती. आठ पुस्तकांचा मुलगा स्वतःच उठला. सोबत आणखी चौघं. फळीवर पुस्तकं, वर दुसरी फळी, वर विटा. त्याच्यासाठी ती शिक्षा नव्हती आणि असूही नये, चूक त्याची नव्हतीच.

पानाचं काम वेगळं. ते ज्याने फाडलं त्यानेच जोडायचं असं मी त्याला एकट्याला, तास सुरू व्हायच्या आधी सांगितलं. चिकटपट्टी वापरायची नाही, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि पानही खराब करते. मैद्याची पातळ खळ, पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी, आणि पान बरोबर जागेवर बसेपर्यंत श्वास रोखून धरायचा. पहिली पट्टी वाकडी लागली. दुसरी बरी. त्याला वीस मिनिटं लागली. मी विचारलं, "चित्र कशाला हवं होतं?" म्हणाला, "बाबा रेल्वेत आहेत. दाखवायचं होतं." मग मी त्याला पुस्तक घरी न्यायला दिलं. पहिल्या दिवशी मी "तू तेव्हा काय करत होतास?" एवढं विचारलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं. हेतू कळल्यावर पान फाडणं बरोबर ठरत नाही. पण चोरी करणारा मुलगा आणि बापाला इंजिन दाखवू पाहणारा मुलगा यांच्याशी बोलायची वाक्यं वेगळी असतात.

यातही एक जण घसरला, आणि ती मीच. दुसऱ्या एका मुलीने पान दुमडून फाडलं तेव्हा मी उत्साहात तिला सगळ्यांदेखत खळ लावायला बसवलं. मुलं हसली. तिची पट्टी नीट लागली, पण नंतर विचारलं, "का जोडलंस?" तर म्हणाली, "तुम्ही बसवलंत म्हणून." पान फाडणाऱ्या मुलाचं उत्तर होतं, "नाहीतर इंजिन अर्धंच राहिलं असतं." काम तेच, खळ तीच. एकाची परतफेड झाली, दुसरीचं प्रायश्चित्त झालं. फरक ओळखायचा तर हा प्रश्न पुरतो, आणि सक्तीच्या "सॉरी म्हण"लाही तोच लावून पाहावा.

वर्गाने मिळून नियम करावेत, हा कोहलबर्गचा पुढचा विचार. १९७४ साली अमेरिकेत केंब्रिज गावी क्लस्टर स्कूल नावाची छोटी शाळा निघाली. तिथे विद्यार्थी आणि शिक्षक दोघांना प्रत्येकी एक मत. एकदा एका मुलीच्या पर्समधून नऊ डॉलर चोरीला गेले. चोर सापडेना. सभेत एका विद्यार्थिनीने मांडलं की हा दोष सगळ्यांचा आहे, कारण आपल्याला एकमेकांची पर्वा नाही. शेवटी प्रत्येकाने पंधरा सेंट देऊन तिचे पैसे भरून द्यायचे ठरले. हे मी आमच्या चौथीला सांगितलं. "आम्ही का द्यायचे? आम्ही नाही चोरले!" असा गलका झाला. तो गलका मला आवडला, कारण त्यात न्याय होता. मग त्यांना विचारलं, वाचनाच्या तासाचा नियम काय करायचा? पहिली सूचना आली: जो पान फाडेल त्याला वर्षभर पुस्तक नाही. दुसरी त्याहून कडक. पियाजेने सांगितल्याप्रमाणेच! मी मत दिलं नाही, फक्त विचारलं, "चुकून फाटलं तर?" आणि अर्धा तास चर्चा चालली. ठरलं ते असं: पाण्याच्या बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर, टीचरचीसुद्धा. फाटलं तर ज्याने फाडलं त्याने जोडायचं. चुकून फाटलं तर शेजाऱ्याने मदत करायची.

डिसेंबरात माझा तिथला शेवटचा शनिवार होता. खिडकीच्या कट्ट्यावर छत्तीस बाटल्या आणि माझी एक. पुस्तकं वाटायला मी आठ पुस्तकांच्या मुलाकडे बघितलं. तो उठला, पण आधी कट्ट्याकडे गेला आणि माझ्या बाटलीचं झाकण पिळून पाहिलं. मग गठ्ठा उचलला.